ओडीचा आकडा आणि जिवाणूंची खरी वाढ : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये ई. कोलाय वाढवून मी दर अर्ध्या तासाने ६०० नॅनोमीटरवर ओडी घेतली. दोन तासांनी ०.७०, अडीच तासांनी १.०६ आणि तीन तासांनी १.४० आली. आलेख इतक्या लवकर वाकतो म्हणजे कल्चर स्टेशनरी फेजकडे चालले आहे का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, नाशिकरोड)

आपल्या आलेखाचा वाक बराचसा यंत्राचा आहे आणि थोडासाच जिवाणूंचा. जिवाणूंच्या कल्चरमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर जे मोजतो ते रंगद्रव्याने केलेले प्रकाशाचे शोषण नसते. पेशी प्रकाश बाजूला विखुरतात, त्यामुळे सरळ रेषेत डिटेक्टरपर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो, आणि ही घट यंत्र ओडी म्हणून दाखवते. कल्चर विरळ असेपर्यंत हा आकडा पेशींच्या प्रमाणात वाढतो, कारण एकदा वाट सोडलेला प्रकाशकण सहसा परत येत नाही. पेशी दाट झाल्या की तोच कण दुसऱ्या, तिसऱ्या पेशीवर आदळतो आणि त्यातील काही प्रकाश फिरून डिटेक्टरवर येतो. कसारा घाटातल्या दाट धुक्यात समोरच्या गाडीच्या दिव्यांचा उजेड सगळीकडून येतो, तसाच हा प्रकार आहे. पोहोचलेला प्रकाश जास्त भरतो, म्हणून ओडी खऱ्यापेक्षा कमी दिसते. बहुतेक यंत्रांत हा फरक ०.४ च्या आसपास जाणवू लागतो आणि १ च्या पुढे तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही.

आपल्याला प्रयोग पुन्हा करून प्रत्येक नमुना पातळ करून मोजण्यास कळवले होते. आपण पाठवलेले नवे आकडे मुद्दा पुरेसा स्पष्ट करतात. दोन तासांचा नमुना पाचपट पातळ केल्यावर ०.१५८ आला, म्हणजे खरी ओडी ०.७९. अडीच तासांचा पाचपटीत ०.३०४, म्हणजे १.५२. तीन तासांचा दहापटीत ०.२५५, म्हणजे २.५५. थेट आकड्यांवरून दुप्पट होण्याचा काळ काढला, तर दोन ते अडीच तासांच्या दरम्यान तो सुमारे ५० मिनिटे आणि पुढच्या अर्ध्या तासात ७५ मिनिटे येतो. पातळ केलेल्या नमुन्यांवरून हेच काळ सुमारे ३२ आणि ४० मिनिटे येतात. वाढ मंदावू लागली आहे हे खरे, पण स्टेशनरी फेज अजून दूर आहे. थेट आकड्यांवर विसंबून एखाद्या जनुकाचे कार्य ‘स्टेशनरी फेजमध्ये’ मोजले असते, तर तो निष्कर्ष अजून वाढत असलेल्या पेशींचा ठरला असता.

पातळ करताना तेच निर्जंतुक माध्यम वापरावे, ऊर्ध्वपातित पाणी नको. पाण्यात पेशींवरचा परासरण दाब बदलतो, त्यांचे आकारमान बदलते आणि त्याबरोबर प्रकाशाचे विखुरणेही बदलते. पातळ केलेल्या नमुन्याचे वाचन ०.१ ते ०.४ च्या दरम्यान येईल इतकेच पातळ करावे. शंभरपट पातळ केल्यास यंत्रातील ०.००३ ची किरकोळ हालचाल अंतिम आकड्यात ०.३ होऊन बसते, आणि पिपेटची चूक वेगळीच.

प्रश्न : एकाच फ्लास्कमधील नमुना आमच्या यंत्रावर ०.६२ आणि शेजारच्या विभागातील यंत्रावर ०.८० दाखवतो. कोणते यंत्र दुरुस्तीला पाठवावे? (प्रयोगशाळा सहाय्यक, पंचवटी)

कदाचित कोणतेच नाही. विखुरलेला प्रकाश बहुतांशी पुढच्या दिशेनेच, लहान कोनात वळलेला असतो. ज्या यंत्रात डिटेक्टर क्युव्हेटच्या जवळ किंवा रुंद असतो, तिथे हा वळलेला प्रकाशही पकडला जातो आणि ओडी कमी येते. डिटेक्टर दूर असला किंवा त्यापुढची फट अरुंद असली, तर ओडी जास्त येते. रंगीत द्रावणावर, उदाहरणार्थ पोटॅशियम डायक्रोमेटवर, दोन्ही यंत्रांचे आकडे जुळत असतील तर दोन्ही ठीक आहेत असे समजावे.

यातून निघणारी गोष्ट मात्र गंभीर आहे. शोधनिबंधात ‘ओडी ०.६ ला प्रेरक घातला’ असे वाचून आपल्या यंत्रावर ०.६ ची वाट पाहिली, तर पेशींची घनता तीच असेल याची खात्री देता येत नाही. ई. कोलायसाठी ओडी १ म्हणजे मिलिलिटरला सुमारे ८ × १०^८ पेशी, हा पाठ असलेला आकडाही आपल्या यंत्रासाठी एकदा प्लेट काउंटने पडताळून घ्यावा. ओडी ०.२ असताना १०^−५ पातळीतील ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरवले, तर सुमारे १६० वसाहती अपेक्षित आहेत. ३० ते ३०० च्या मोजता येण्याजोग्या मर्यादेत हे बसते. लॉग फेजमधील तीन-चार बिंदूंवर असे मोजून जो गुणक येईल तो यंत्रावर चिकटवून ठेवावा. मायक्रोप्लेट रीडर वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर द्रवाची खोली एक सेंटिमीटरपेक्षा बरीच कमी असते, म्हणून तिथला आकडा क्युव्हेटच्या आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही.

प्रश्न : द्राक्षांचा चोथा उकळून काढलेल्या अर्कावर आम्ही जैविक खतासाठी बॅसिलस वाढवतो. पहिल्या काही तासांत ओडी चक्क ब्लँकच्या खाली जाते आणि नंतर अचानक चढते. असे का होते? (लघुउद्योजक, दिंडोरी)

ब्लँक आणि नमुना यांत जिवाणूंखेरीज काहीही वेगळे नाही, या गृहीतकावर हे मोजमाप उभे आहे. आपल्या माध्यमात ते दोन ठिकाणी मोडते. चोथ्याचे बारीक कण ब्लँक घेताना तरंगत असतात. नंतर ते फ्लास्कच्या तळाशी किंवा काठाला चिकटतात, म्हणून वाचन शून्याखाली जाते. याचा जिवाणूंच्या मरण्याशी किंवा न वाढण्याशी संबंध नाही. दुसरी बाब रंगाची आहे. काळ्या द्राक्षांच्या सालीतील अँथोसायनिन आम्लात लाल असते आणि सामू वर सरकला की जांभळट-निळसर होते, म्हणजे ६०० नॅनोमीटरजवळचे त्याचे शोषण वाढते. बॅसिलसने माध्यमातील सेंद्रिय आम्ले वापरली आणि सामू चढला, तर पेशी न वाढताही ओडी वाढलेली दिसू शकते. अचानक आलेल्या चढाचा किती भाग रंगाचा आहे हे सामू मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून प्रत्येक वाचनाबरोबर सामूही टिपावा.

उपाय असा आहे. अर्क निर्जंतुक करण्यापूर्वी गाळून घ्यावा. साध्या फिल्टर पेपरने मोठे कण जातील, पण अगदी बारीक गढूळपणा उरला तर आधी सेंट्रिफ्यूज करावा. प्रत्येक वेळी एक मिलिलिटर नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव वेगळा करावा आणि त्या वेळचा ब्लँक म्हणून तोच वापरावा. सकाळी घेतलेला ब्लँक संध्याकाळी चालवू नये. अधिक काळजी घ्यायची असेल, तर खाली बसलेल्या पेशी ०.८५ टक्के मिठाच्या द्रावणात धुऊन, तितक्याच आकारमानात पुन्हा मिसळून मोजाव्यात. शेजारी जिवाणू न घातलेला एक फ्लास्क त्याच शेकरवर ठेवावा. त्याची ओडी हलली तर दोष माध्यमात आहे हे लगेच कळते.

आपला माल खत म्हणून जाणार असल्याने आणखी एक गोष्ट. बॅसिलसच्या बीजाणूंचा अपवर्तनांक जास्त असतो आणि काही जातींच्या पेशींत साठवलेल्या पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटचे कणही प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीची ओडी पिशवीवर छापायच्या संख्येचा आधार होऊ शकत नाही. नमुना ८० अंश सेल्सिअसवर १० मिनिटे तापवून प्लेटवर पसरवावा, आणि न तापवलेलाही सोबत मोजावा. म्हणजे बीजाणू किती आणि एकूण जिवंत पेशी किती हे वेगळे कळेल.

प्रश्न : पहिले चार तास ओडी ०.०० च राहिली. लॅग फेज इतकी लांब कशी? (बी.एस्सी. विद्यार्थी, सिन्नर)

आपण सुरुवातीला किती पेशी घातल्या, हे आधी सांगायला हवे होते. ०.०१ च्या खाली साध्या यंत्राचे वाचन विश्वसनीय नसते, आणि ०.०१ म्हणजेच मिलिलिटरला सुमारे एक कोटी पेशी. मिलिलिटरला दहा हजार पेशींपासून सुरुवात केली आणि त्या पहिल्या मिनिटापासून दर अर्ध्या तासाने दुप्पट होत राहिल्या, तरी एक कोटीपर्यंत जायला दहा द्विगुणने, म्हणजे पाच तास लागतात. लॅग शून्य असूनही आलेख पाच तास सपाट दिसेल. लॅगबद्दल काही म्हणायचे असल्यास सुरुवातीची ओडी ०.०३ ते ०.०५ ठेवावी किंवा पहिले तास प्लेट काउंटने मोजावेत.

प्रश्न : क्वार्ट्झचे क्युव्हेट घ्यावे लागतील का? (शिक्षक, ओझर)

नाही, ६०० नॅनोमीटरला काच किंवा प्लास्टिक पुरते. क्वार्ट्झ अतिनील किरणांसाठी लागते. त्यापेक्षा बर्फात ठेवलेला नमुना थेट यंत्रात घालू नये, कारण विशेषतः पावसाळ्यात क्युव्हेटबाहेर दव धरते आणि ते वाचनात मोजले जाते.

प्रश्न : सेफॅलेक्सिन घातल्यावरही दीड तास ओडी वाढत राहिली, पण प्लेटवर वसाहती वाढल्या नाहीत. औषध निष्प्रभ झाले होते का? (संशोधक विद्यार्थी, नाशिक)

औषध काम करत होते. सेफॅलेक्सिन ई. कोलायमध्ये मुख्यतः पेशी दुभागताना मधली भिंत घालणाऱ्या प्रथिनाला अडवते. पेशी दुभागत नाही पण लांबत राहते आणि लांबलचक तंतू तयार होतात. ओडी ढोबळमानाने एकूण पेशीद्रव्याचे माप आहे, म्हणून ती चढते. वसाहत मात्र एका तंतूपासून एकच येते, किंवा तंतू मेला असेल तर येतच नाही. पुढे तंतू फुटू लागले की ओडी खाली येईल, आणि केवळ आलेख पाहणारा म्हणेल की औषध दीड तासाने लागू पडले. सिप्रोफ्लॉक्सॅसिननेही, डीएनएला इजा होऊन, असेच तंतू होतात. कॅनामायसिनसारख्या औषधाने उलट घडते. मेलेल्या पेशी अख्ख्याच राहतात, ओडी फारशी उतरत नाही, आणि नुसती वाढ थांबली असा समज होतो.

औषध नसतानाही पेशीचे आकारमान स्थिर नसते. शेक्टर, मालो आणि केल्गार्ड यांनी १९५८ मध्ये साल्मोनेलावर दाखवले की समृद्ध माध्यमात वेगाने वाढणाऱ्या पेशी मोठ्या असतात आणि गरीब माध्यमात लहान. म्हणून लॉग फेजमध्ये काढलेला गुणक रात्रभर वाढलेल्या कल्चरला लावला, तर संख्या खऱ्यापेक्षा कमी भरते.

आपण पुढच्या वेळी औषध घालण्याच्या क्षणापासून दर २० मिनिटांनी तीन गोष्टी एकाच नमुन्यातून घ्याव्यात : ओडी, प्लेट काउंट, आणि ग्राम रंगवलेली एक स्लाइड. ओडी आणि वसाहती ज्या वेळी एकमेकींपासून फाकतात, त्या वेळची स्लाइड १०० च्या तेलभिंगाखाली आधी पाहावी.