शेजाऱ्याला मारणारा व्हिब्रिओ: पहिली स्पर्धा-चाचणी लावताना

काही जीवाणूंमधल्या टाइप सहा स्रावप्रणालीची नळी विषारी प्रथिने थेट शेजारच्या पेशीत खुपसते, म्हणून स्पर्श नसेल तर मारणेही नाही. सुरुवातीला मारेकरी म्हणून व्हिब्रिओ कॉलरीचा व्ही५२ हा वाण घ्या, कारण त्याची प्रणाली प्रयोगशाळेतही चालू असते. सी६७०६ या दुसऱ्या वाणात ती बहुधा बंद असते आणि नवखे तिथेच फसतात. सावज म्हणून कॅनामायसिन-प्रतिरोधी ई. कोलाय पुरेसा आहे.

दोन्ही वाढत्या कल्चरमधून घ्या, धुवा, घट्ट करा आणि ओडीनुसार, म्हणजे कल्चरच्या गढूळपणाच्या मापानुसार, दहा मारेकऱ्यांस एक सावज असे मिसळा. एलबी आगरवर ५ मायक्रोलिटरचा थेंब ठेवून ३७ अंशांवर ३ तास ठेवा. मग थेंब खरवडून द्रवात मिसळा, दसपट विरलने करा आणि कॅनामायसिनच्या प्लेटवर सावज मोजा.

आगर ओला असेल तर थेंब पसरतो, पेशी विरळ होतात आणि सावज वाचते. प्लेट आधी नीट वाळवा.

नियंत्रण म्हणून प्रणाली मोडलेला व्ही५२ हवाच. फक्त सावजाशी तुलना केलीत, तर अन्नासाठीची स्पर्धाही मारणे वाटेल. हेच मिश्रण हलत्या द्रवातही ठेवा. तिथेही सावज तितकेच घटले, तर कारण स्पर्शाबाहेरचे आहे.