कार्ड शेवटी घरी जाते

सोलापूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कार्यालयातून निवृत्त होणाऱ्या अण्णांच्या निरोपाच्या कार्डासाठी लिहिलेल्या चार ओळी तू रविवारी मला वाचून दाखवल्यास, आणि मी एकदाही हसलो नाही म्हणून गोंधळून परत गेलीस. जाताना दारात चपला घालता घालता तू म्हणालीस, ‘मग काय, नुसते दीर्घायुष्य चिंतून सही करू का?’ तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे. तसे मुळीच करू नकोस. दीर्घायुष्य चिंतणारे पंधरा जण त्या कार्डावर असतीलच. तुझ्या ओळींत विनोद होता याबद्दल माझी तक्रार नाही. तो कार्यालयात बसून कार्यालयासाठी लिहिला होता, ही तक्रार आहे. निरोपाचे कार्ड कार्यालयात जेमतेम दहा मिनिटे वाचले जाते आणि मग ते घरी जाते. एवढी एकच गोष्ट मला तुला सांगायची आहे, आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

ही गोष्ट मी कशी शिकलो ते आधी ऐक. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाखेतील एक सहकारी निवृत्त झाले. पगारदार पतसंस्थेचे कर्ज काढायचे म्हणजे जामीनदार लागतात हे तुला ठाऊक आहे, आणि हे गृहस्थ दर दोन वर्षांनी कर्जाचा छापील अर्ज हातात धरून टेबलाटेबलावरून फिरत असत. आम्ही सगळेच कधी ना कधी त्यांना जामीन राहिलो होतो. मी कार्डावर लिहिले, ‘आपण निवृत्त झालात आणि शाखेतील सर्व जामीनदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला!’ समारंभात ही ओळ मोठ्याने वाचली गेली, सगळे खदखदून हसले, ते स्वतःही हसले. मी दिवसभर खुशीत होतो. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जावई आणि व्याही जेवायला होते आणि कार्ड हातोहात फिरले. मुलीच्या लग्नासाठी बाबांनी कर्ज काढले होते हे त्या मुलीला तिथे, सासरच्या माणसांसमोर, माझ्या अक्षरातून कळले. मला हे पुढे दुसऱ्याच कोणाकडून समजले. वर्षभराने मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते कार्ड शोकेसच्या काचेमागे नीट उभे करून ठेवलेले होते, फक्त माझी ओळ होती त्या जागी कॅलेंडरमधून कापलेले सिद्धेश्वराचे एक छोटे चित्र चिकटवले होते. माझी सही मात्र खाली तशीच दिसत होती.

मी खोटे काही लिहिले नव्हते, आणि दुष्टपणाने तर नव्हतेच. त्यांचा एकही हप्ता चुकला नव्हता, त्यामुळे आमच्यापैकी कोणाला त्यांच्या जामिनाची झळ लागली नव्हती, हे तेव्हा लिहिले असते तर बरे झाले असते, असे मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. पण नाही, तेही लिहायला नको होते. कार्यालयाला माहीत असलेली आणि घराला माहीत नसलेली गोष्ट कार्डावर येता कामा नये, मग ती कितीही गोड शब्दांत येवो. उशिरा येणे, दुपारची डुलकी, साहेबांनी दिलेला मेमो, औषधाच्या गोळ्या, राहून गेलेली बढती, हे सगळे याच रांगेतले आहे.

आता तुझ्या चार ओळींकडे येतो.

पहिली ओळ ‘आता वहिनींच्या हाताखाली खरी नोकरी सुरू’ ही होती. ती खोड. दर निरोप समारंभात हे कोणीतरी बोलतेच, आणि ज्या बाईने तीस वर्षे डबा भरून दिला तिच्याच हातात ते कार्ड जाते. शिवाय दोन वर्षांच्या नोकरीत तू अण्णांच्या संसाराबद्दल बोलावेस हे शोभत नाही, यावर मी अधिक काही लिहीत नाही.

दुसरी ओळ 1 जूनच्या जन्मतारखेवर होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून लावून टाकला अशी माणसे आपल्याकडे कमी नाहीत, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून 31 मे रोजी आपल्या कार्यालयांत हारांची इतकी गर्दी असते. गंमत आहे खरी. पण ‘खरा वाढदिवस कोणता ते आता तरी सांगा’ हे वाक्य सेवापुस्तकातील तारखेवर बोट ठेवणारे आहे आणि अण्णांची पेन्शनची फाईल अजून वर जायची आहे. अशा वेळी ते वाक्य वाचून अण्णा तोंडदेखले हसतील. तोंडदेखले हसू नको आहे आपल्याला.

तिसरी ओळ तू त्यांच्या मराठीची नक्कल करून लिहिली होतीस. तू दुष्ट नाहीस, सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच चहाच्या टपरीवर एकमेकांची थट्टा करत वाढतात, आणि अण्णा स्वतःही तुझ्या पुणेरी वळणाची नक्कल करतात, हे मला माहीत आहे. बोलताना तोंडावर हसू असते, समोरचा उलट टोला हाणू शकतो आणि हिशोब तिथल्या तिथे फिटतो. कागदावर यातले काही उरत नाही. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. तुझी ओळ नातू आजीला वाचून दाखवेल आणि तेलुगूत समजावून सांगेल, त्या वेळी आजोबांचे मराठी हसण्यासारखे आहे हे त्या पोराला आपल्याच तोंडाने सांगावे लागेल. ही एक कसोटी लक्षात ठेव. शब्दांवरची कोटी दुसऱ्या भाषेत जाताना मरते, नक्कल अपमान होऊन पोचते. घडलेला प्रसंग मात्र जसाच्या तसा पोचतो.

चौथी ओळ माझ्या मते ठेवण्यासारखी आहे, पण आज ती कच्ची आहे. अण्णा कोणालाही पेन देतात आणि टोपण स्वतःच्या खिशात ठेवून घेतात, म्हणजे पेन नेणाऱ्याला परत यावेच लागते. ही सवय घरीही सगळ्यांना माहीत आहे, कारण अण्णा स्वतःच ती कौतुकाने सांगतात. जी गोष्ट माणूस स्वतःबद्दल हसत सांगतो ती घेण्यास हरकत नाही. तू लिहिले होतेस, ‘पेन दिले पण टोपण कधीच दिले नाही, असे आमचे महाकंजूस अण्णा! साहेबांनी नेलेले पेन मात्र टोपणासकट गेले!’

‘महाकंजूस’ हा निकाल आहे. विशेषण लावले की वाचणारा त्या माणसाला जोखू लागतो. ते काढल्यावर ‘पेन दिले पण टोपण कधीच दिले नाही’ एवढे उरते, आणि तेही अजून तक्रारीसारखेच वाटते, कारण नेम अण्णांवर आहे. साहेबांचे वाक्य या चारांत सर्वांत हसवणारे आहे हे मी कबूल करतो, आणि तरीही ते काढायचे आहे. अण्णांच्या रजा रोखीकरणाच्या कागदावर अजून त्याच साहेबांची सही व्हायची आहे, आणि निरोप अण्णांचा असताना तिसऱ्या माणसाला मध्ये ओढून चिमटा काढण्याचे कारण नाही. आता नेम स्वतःकडे वळवून पाहा:

‘अण्णा, दोन वर्षांत मी तुमचे पेन अकरा वेळा नेले आणि अकराही वेळा परत आणून दिले. माझ्या या प्रामाणिकपणाचे सगळे श्रेय तुमच्या खिशातल्या टोपणाला आहे.’

सवय तीच आहे, पण आता फजिती तुझी होते आणि शहाणपण अण्णांचे ठरते. घरी वाचताना त्यांच्या बायकोला काही समजावून सांगावे लागणार नाही, उलट ती म्हणेल की हे घरातही असेच करतात. याच्या खाली एक साधे, बिनविनोदाचे वाक्य हवे, नाही तर इतक्या वर्षांच्या नोकरीचा ऐवज एक टोपण एवढाच उरतो. पहिल्या महिन्यात तू चुकीच्या लेखाशीर्षाखाली लावलेले बिल त्यांनी कोणाला न कळू देता तुझ्याकडून दुरुस्त करून घेतले, असे तू मला सांगितले होतेस. ते मात्र कार्डावर लिहू नकोस, तुझी चूक हीसुद्धा कार्यालयातच राहायची गोष्ट आहे. ‘बिल कसे वाचायचे ते मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकले’ एवढे पुरे. उद्गारचिन्हे काढून टाक. हसऱ्या चेहऱ्यांची चित्रेही नकोत. विनोद चालत नसेल तर ती त्याला चालवणार नाहीत.

आणखी एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे कोणीच पाहत नाही. कार्ड टेबलावरून टेबलावर फिरते तेव्हा पहिल्या ओळीचा सूर पुढचे सगळे उचलतात आणि प्रत्येकाला आधीच्यापेक्षा चढ लिहावेसे वाटते. तू टोपणावर लिहिलेस की तुझ्या मागून आणखी सहा जण टोपणावरच लिहितील, आणि एकाने केलेली गंमत सात जणांनी केली की तिची टोळी होते. घरचे विचारतील, यांना आमच्या माणसाबद्दल दुसरे काही आठवलेच नाही का? म्हणून कार्ड फिरवण्याचे काम तूच अंगावर घे. सर्वांत आधी ते त्यांच्या शेजारी बसणाऱ्या शिपाईमामांना दे, कारण ते सरळ आणि मनापासून लिहितील. स्वतः मध्येच कुठेतरी लिही, शेवटी कार्ड तुझ्याकडे परत येऊ दे, आणि कोणी टोपण उचललेच तर त्याला तिथेच सांग की ते माझे आहे. आपल्या ओळीखाली नाव नीट लिही, कारण नाव नसलेली थट्टा सगळ्या शाखेचे मत वाटते.

तुला हे सारे अति वाटत असेल. एका ओळीसाठी म्हातारा एवढे पत्र लिहितो, असे तू म्हणशीलही. म्हण. ते चिकटवलेले चित्र तू पाहिलेले नाहीस, मी पाहिले आहे, आणि त्यानंतर मी नोकरीत असेपर्यंत माझ्या शाखेतून एकही कार्ड घरच्या नजरेने वाचल्याशिवाय बाहेर जाऊ दिले नाही. त्यामुळे काही चांगले विनोद वाया गेले आणि दोघे-तिघे माझ्यावर रुसले. त्याचे मला काही वाटत नाही.

मजकूर पक्का झाला की तुझ्या आजीला वाचून दाखव. ती अण्णांना ओळखत नाही, म्हणून तीच योग्य. ऐकून तिने ‘चांगला माणूस दिसतो’ असे म्हटले तर लिहून टाक. ‘असे का करतात ते?’ असे विचारले तर परत माझ्याकडे ये. आणि कार्ड गुळगुळीत कागदाचे असेल तर जेल पेन वापरू नकोस, आपल्या मेमधल्या घामेजल्या हातांनी ती शाई फिसकटते. साधे बॉलपेन घे, फक्त त्या दिवशी ते अण्णांकडून मागू नकोस, नाही तर कशासाठी हवे ते त्यांना सांगावे लागेल.

तुझा,
काका