लाडू खाऊन चहा प्यायला की तो अगोड का लागतो?

"मी निफाड तालुक्यातला, वय १९, हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी थॉमसन द्राक्षांची बाग आहे, पण घर माळकरी. वाइन कधी तोंडाला लावलेली नाही. डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या संस्थेची लेव्हल १ ची वाइनची परीक्षा द्यायची आहे. सराव पेपरात ३० पैकी १७ आले. द्राक्षांच्या जाती पाठ आहेत, तरी सर्व्हिस आणि फूड पेअरिंगचे प्रश्न चुकतात. न चाखता पास होता येईल का?"

हो, होता येईल. लेव्हल १ ला चाखण्याची परीक्षाच नसते. ३० बहुपर्यायी प्रश्न, ४५ मिनिटं आणि पास व्हायला ७० टक्के, म्हणजे २१ बरोबर. तुला चार उत्तरं कमी पडताहेत आणि ती पाठांतराने येणार नाहीत. 'माशाबरोबर व्हाइट, मटणाबरोबर रेड' अशा जोड्या तू घोकल्या असणार, माझे बहुतेक विद्यार्थी तेच करतात. पेपरात मात्र विचारतात की अमुक चवीचा पदार्थ खाल्ल्यावर वाइन कशी लागेल.

याचं उत्तर तुझ्या घरातच आहे. लाडू खाऊन चहा प्यायला की तोच चहा अगोड, थोडा कडवट लागतो. आवळा खाऊन पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. चहा बदललेला नसतो, पाणीही नाही. जीभ बदललेली असते. वाइनचं अगदी तसंच होतं. पदार्थ गोड असेल तर वाइन जास्त आंबट, जास्त कडू आणि कमी गोड लागते, म्हणून गोड पदार्थासोबतची वाइन निदान तितकी तरी गोड हवी. पदार्थ खारट किंवा आंबट असेल तर उलट होतं, वाइन मवाळ आणि फळाळ लागते. मशरूम किंवा सोया सॉसमधली जी खमंग चव असते, तिला पुस्तकात उमामी म्हणतात. ती गोडाच्याच बाजूला ठेव. तीही वाइन कडू करते.

आता जाती. थॉमसन खायचं द्राक्ष आहे, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनची द्राक्षं बहुतेक लहान, जाडसर सालीची आणि बियांची असतात. रेड वाइनमधलं टॅनिन येतं ते मुख्यतः साल आणि बियांतून. बी असलेलं द्राक्ष मिळालं तर बी चावून बघ, किंवा दहा मिनिटं उकळलेला कोरा चहा घे. हिरड्या कोरड्या पडतात, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. लिंबाने तोंडाला पाणी सुटतं, ती ॲसिडिटी. तोंड कोरडं पडणं आणि पाणी सुटणं यांची गल्लत झाली की निम्मे प्रश्न चुकतात. कॅबर्ने सॉव्हिन्यॉं जाड सालीची, म्हणून गडद आणि तुरट. पिनो न्वार पातळ सालीची, म्हणून फिकट आणि मऊ. सॉव्हिन्यॉं ब्लां आणि रिसलिंग दोन्ही आंबट अंगाच्या, पण रिसलिंग 'कोरडी', म्हणजे अगोडही मिळते आणि गोडही.

समजा प्रश्न आला की तिखट करीसोबत कोणती वाइन सगळ्यात कमी त्रास देईल. पर्याय चार: कॅबर्ने, साडेचौदा टक्के अल्कोहोलची शिराझ, ओकच्या पिंपात ठेवलेली, जास्त अल्कोहोलची दमदार शार्डने आणि कमी अल्कोहोलची, किंचित गोड रिसलिंग. डोळ्यांसमोर तांबडा रस्सा आण. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, त्यामुळे शिराझ गेली आणि दमदार शार्डनेही. तिखटाने तुरटपणा जास्त बोचतो, म्हणून कॅबर्ने गेली. उरली रिसलिंग. कुणाला तो झणका वाढलेला आवडेलही, पण प्रश्न आवडीचा नाही, परिणामाचा आहे.

सर्व्हिसमध्ये एक फसवा शब्द आहे, 'रूम टेंपरेचर'. तो थंड देशातल्या खोलीचा आहे. पुस्तकात दमदार रेडसाठी १५ ते १८ अंश दिलेत. नाशिकच्या एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेली बाटली त्याच्या दुप्पट तापलेली असते आणि मग अल्कोहोलच नाकात जातं. म्हणजे रेडसुद्धा इथे थोडी गार करावी लागते. उलट, फार गार केली तर सुगंध दबतो आणि तुरटपणा उठून दिसतो. हलकी व्हाइट ७ ते १० अंशांना, बुडबुड्यांची स्पार्कलिंग ६ ते १०. बकेटमध्ये नुसता बर्फ टाकू नकोस, बर्फ आणि पाणी सारखं घाल. पाणी बाटलीला सगळीकडून लागतं, म्हणून ती लवकर गार होते. स्पार्कलिंगची तार सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बूच घट्ट धरून बाटली फिरवायची, बूच नाही.

चाखण्याची अट पुढे येते. लेव्हल २ लाही फक्त लेखी पेपर आहे, ५० प्रश्नांचा. लेव्हल ३ ला मात्र ग्लास समोर येतो. तोवर तुझं कायद्याचं वय होईल आणि घरच्यांशी बोलायला वेळही मिळेल. सध्या चुकलेले तेरा प्रश्न वहीत उतरव आणि प्रत्येकापुढे लिही की कुठली चव काय बदलते. ज्याच्यापुढे लिहिता येणार नाही, तो मला पाठव.