स्पिनरला स्टंपजवळ कीपिंग कशी करायची?

प्रश्न: परभणीत मॅटवर खेळतो. स्पिनरला स्टंपजवळ उभं राहिलो की चेंडू हातातून सुटतो. काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक तू लवकर उठतोस. टप्पा पडेपर्यंत बसूनच राहा, मग चेंडूच्या उसळीबरोबर वर ये. आधीच उठलास आणि चेंडू खाली राहिला, तर तो ग्लोव्हजखालून गेलाच म्हणून समज.

बसताना वजन चवड्यांवर ठेव. उजव्या बॅट्समनला डोकं ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, म्हणजे चेंडू दिसत राहतो. करंगळ्या जुळवलेल्या, तळवे चेंडूकडे, बोटं जमिनीकडे. बोटं बॉलरकडे रोखलीस तर एखाद दिवशी मोडून घेशील. आणि ग्लोव्हज स्टंपच्या मागेच. चेंडू बॅटला लागण्याआधी किंवा स्टंप ओलांडण्याआधी पुढे आले तर अंपायर नो-बॉल देतो, स्टंपिंग गेलं.

मीडियम पेसरला जवळ जायचं का? बॅट्समन क्रीज सोडून पुढे येत असेल तर जरूर. पण मॅटवर चेंडू सारखा छातीच्या वर येत असेल तर सरळ मागे जा, कमरेएवढ्या उंचीवर मिळेल तिथपर्यंत. धड जवळ नाही, धड लांब नाही असं मात्र उभं राहू नकोस. तिथे कॅचही जातो, स्टंपिंगही.