कंपॅरिझन चार्टमध्ये ओळी कोणत्या घ्याव्यात

अमेझॉनवर आमच्या ब्रँडच्या तीन बॅकपॅक आहेत. ए प्लस कंटेंट टाकलं, कंपॅरिझन चार्ट आणि ब्रँड स्टोरीही लावली, तरी दोन महिन्यांत कन्व्हर्जन जागचं हललं नाही. कुठे चुकत असेल?

पेज पाहिलं नाही, पण माझा पहिला संशय चार्टवर आहे. बहुतेक चार्टमध्ये ‘टिकाऊ कापड’, ‘मजबूत चेन’ अशा ओळी असतात आणि तिन्ही रकान्यांत बरोबरची खूण. मग तिघींत फरक काय, हे ग्राहकाला कळणार कसं? तो मागे जातो आणि दुसऱ्या ब्रँडची बॅग उघडतो.

ओळी ठरवण्याआधी मी रिटर्नची कारणं आणि तीन स्टारपर्यंतचे रिव्ह्यू वाचून काढतो. एका क्लायंटच्या बॅगांचा चार्ट लिटरवर उभा होता: २०, २८, ३५. रिटर्नमध्ये मात्र एकच रड, लॅपटॉप मावत नाही. लिटरवरून ते कोणाला कळणार! आम्ही वरची ओळ ‘किती इंची लॅपटॉप मावतो’ केली, खाली ‘किती दिवसांच्या कपड्यांना पुरते’ आणि ‘रिकाम्या बॅगेचं वजन’. तिन्ही रकान्यांत सारखंच उत्तर असलेली ओळ सरळ काढून टाकली. (तुलना आपल्याच मालाची करायची. दुसऱ्या ब्रँडशी तुलना केली किंवा मजकुरात किंमत लिहिली, तर कंटेंट नामंजूर होतं.)

चार्ट फोनवर उघडून बघाच. तिथे सगळे रकाने एकदम दिसत नाहीत, बाजूला सरकवावं लागतं. म्हणून ज्या बॅगेचं पेज, तिचा रकाना पहिला ठेवा. त्यासाठी प्रत्येकीचं ए प्लस वेगळं बनवावं लागतं, पण कष्ट वाया जात नाहीत. आणि मापं चित्रात कोरू नका. फोनवर बॅनर आक्रसतो आणि अक्षरं वाचता येत नाहीत.

आता मोजण्यातली गफलत. चांगला चार्ट ग्राहकाला दुसऱ्या बॅगेकडेही पाठवतो. समजा, लहान बॅगेच्या १,००० सेशनला ५० नग जायचे आणि मधलीच्या १,००० ला ६०. चार्ट बदलल्यावर लहानीचे तितक्याच सेशनला ४५ झाले, मधलीचे १,१५० सेशनला ८०. लहानीचं Unit Session Percentage ५ वरून ४.५ वर आलं म्हणून चार्ट काढलात, तर ११० वरून १२५ वर गेलेली दोघींची एकूण विक्री घालवून बसाल. तिन्ही बॅगांचे नग एकत्र मोजा आणि त्या काळात कूपन, किंमत, जाहिराती यांना हात लावू नका. पुरेसे सेशन असतील तर Manage Your Experiments मध्ये दोन चार्ट समोरासमोर लावता येतात.

ब्रँड स्टोरीकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही. संस्थापकाची कहाणी वाचून लॅपटॉप मावेल का, हे कळत नाही. तिची कार्डं बाकीच्या बॅगांच्या पेजला जोडून टाका आणि चार्टकडे वळा.