दोघा मित्रांचा धंदा: पार्टनरशिप की प्रायव्हेट लिमिटेड?

प्रश्न: मी आणि माझा मित्र नाशिकला द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट टाकतोय. दोघांचे आठ-आठ लाख, बाकी बँकेचं कर्ज. माझ्या नावावर एक फ्लॅट आहे, मित्राकडे तसं काही नाही. सीए म्हणतात आधी पार्टनरशिप करा, मेहुणे म्हणतात थेट प्रायव्हेट लिमिटेड. काय करावं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे तो फ्लॅट. दोघांकडेही काही नसतं, किंवा दोघांकडेही सारखंच असतं, तर सीएंचं ऐका म्हणून मोकळा झालो असतो.

तुमच्या धंद्यात पैसा कुठे अडकतो ते आधी बघू. क्राफ्ट पेपरची रीळं उधारीवर येतात. खोकी जानेवारी ते एप्रिल जातात आणि त्यांचे पैसे माल विकला गेल्यावर, म्हणजे सीझन संपता संपता येतात. मध्येच गारपीट झाली की बागायतदाराचा हात आखडतो आणि तुमची वसुली थांबते. कागदवाल्याची तारीख मात्र थांबत नाही.

समजा असं एक वाईट वर्ष आलं आणि युनिट बंद करायची वेळ आली. बँकेचे 16 लाख बाकी, कागदवाल्याचे 14 लाख बाकी, बागायतदारांकडची उधारी बुडाल्यात जमा. मशिनरी आणि उरलेला माल विकून 9 लाख आले. माल-मशिनरी बँकेकडे तारण, त्यामुळे ते 9 बँकेने घेतले. उरले बँकेचे 7 आणि कागदवाल्याचे 14, एकूण 21 लाख.

पार्टनरशिप असेल तर हे 21 लाख तुम्हा दोघांचे आहेत, पण साडेदहा-साडेदहा असे नाहीत. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 25 प्रमाणे प्रत्येक भागीदार पेढीच्या सगळ्या देण्याला एकत्रित आणि वैयक्तिकही जबाबदार असतो. देणेकऱ्याला निम्मे याच्याकडून, निम्मे त्याच्याकडून असं करत बसायची गरज नाही. ज्याच्याकडे वसूल होण्यासारखं आहे त्याच्या मागे तो लागेल, म्हणजे तुमच्या. तुम्ही 21 भरायचे आणि मग मित्राकडून साडेदहा मागायचे. तो देईलही, पण असायला तर हवेत. भागीदारीच्या करारात, म्हणजे डीडमध्ये, ‘तोटा निम्मा-निम्मा’ लिहिलंय हे कागदवाल्याला दाखवून उपयोग नाही, तो करार तुमच्या दोघांतला. शिवाय पेढीच्या नेहमीच्या कामात एक भागीदार जी ऑर्डर देतो ती दुसऱ्यालाही बांधते. तुम्ही गावाला गेलेले असताना मित्राने दोन ट्रक कागद जास्तीचा उचलला, तरी तो तुम्हीही उचलला असंच धरलं जातं.

आता हेच प्रायव्हेट लिमिटेडमध्ये. कागदवाल्याचे 14 लाख कंपनीकडून येणं आहे आणि कंपनीकडे काही उरलेलं नाही. तुमच्या शेअर्सचे पैसे भरलेले असतील तर तो तुमच्या फ्लॅटपर्यंत पोचत नाही. बँकेचे 7 लाख मात्र पोचतात, कारण कर्ज देताना बँक डायरेक्टरांची वैयक्तिक हमी घेते. छोट्या कंपनीला त्याशिवाय सहसा कोणी दारात उभं करत नाही. म्हणजे मेहुणे म्हणतात ती ‘मर्यादित जबाबदारी’ तुम्हाला बँकेपासून नाही, तर बिनतारण उधारी देणाऱ्यांपासून वाचवते. या उदाहरणात 21 च्या जागी 7. ह्या 7 साठीही बँक दोघांपैकी कुणालाही धरू शकते, हे विसरू नका.

या संरक्षणाला भोकं आहेत. कागदवाला हुशार असेल तर कंपनीच्या चेकवर थांबणार नाही, तुमचा वैयक्तिक चेक किंवा हमीपत्र मागेल. ते दिलंत की कंपनी काढून काही साधलं नाही. कंपनीचा चेक बाउन्स झाला तर सही करणारा आणि कारभार बघणारा डायरेक्टर फौजदारी केसमध्ये आरोपी होतो. जीएसटी थकला आणि कंपनीकडून वसूल झाला नाही, तर त्या काळातल्या डायरेक्टरांकडे मागणी येऊ शकते; आपल्या हलगर्जीमुळे तो थकला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावरच असते.

म्हणून सीए-मेहुणे वाद मिटवण्याआधी दोन फोन करा. एक कागदवाल्याला: किती दिवसांची आणि किती लाखांची उधारी, आणि कशाच्या भरवशावर? दुसरा बँकेला: हमी कुणाकुणाची, फ्लॅट तारण मागणार का? कागदाची उधारी तीन-चार लाखांच्या पुढे जाणार नसेल तर कंपनीचा फायदा तुम्हाला फारसा नाही. दहा-पंधरा लाखांवर जाणार असेल आणि कागदवाला वैयक्तिक चेक मागत नसेल, तर कंपनीच.

आता कंपनीची किंमत. पार्टनरशिपला रिटर्न, जीएसटी, टीडीएस आणि उलाढाल मर्यादेच्या वर गेली की टॅक्स ऑडिट, एवढ्यात भागतं. कंपनीला पहिल्या वर्षापासून ऑडिट लागतं, एक खोकं विकलं नसलं तरी. स्थापनेपासून 30 दिवसांत पहिली बोर्ड मीटिंग आणि ऑडिटरची नेमणूक. शेअर्सचे पैसे खात्यात आल्याचं जाहीर करणारा INC-20A फॉर्म 180 दिवसांत, त्याआधी धंदाच सुरू करता येत नाही. दरवर्षी ताळेबंदाचा AOC-4 आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोज 100 रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर 73,000 रुपये. धंदा थंडावला म्हणून लोक फॉर्म भरायचं सोडून देतात आणि इथेच फसतात. सलग तीन वर्षं भरलं नाही तर दोघेही पाच वर्षांसाठी डायरेक्टर म्हणून अपात्र, दुसऱ्या कंपन्यांतही.

पण रोजच्या वागण्यात जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. पेढीत मुलाची फी भरायची असेल तर उचल घेता, तुमच्या भांडवल खात्यावर नावे पडते, विषय संपला. कंपनीच्या खात्यातला पैसा तुमचा नाही. तो पगार म्हणून, लाभांश म्हणून किंवा तुम्ही कंपनीला दिलेल्या कर्जाची परतफेड म्हणूनच बाहेर येतो. असाच उचलला तर ते डायरेक्टरला दिलेलं कर्ज ठरतं. त्याला कंपनी कायद्याच्या कलम 185 चा अडसर आहे आणि आयकरात ती रक्कम लाभांश धरून कर लागू शकतो. म्हणून सोळाच्या सोळा लाख शेअर भांडवलात घालू नका. थोडं भांडवल आणि बाकीचं तुमचं कर्ज म्हणून दाखवा, म्हणजे ते परत घेताना सोपं जातं. फक्त बँकेची अट बघा, त्यांचं कर्ज असेपर्यंत तुमचं काढू देत नाहीत असं बऱ्याचदा असतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दोघा मित्रांत सगळ्यात जास्त बिनसतं ते बाहेर पडताना, म्हणून इथे जरा थांबतो.

पेढीतून बाहेर पडणं वरवर सोपं आहे. डीडमध्ये मुदत किंवा संपवण्याची तरतूद नसेल तर ती ‘मर्जीची भागीदारी’. एकाने लेखी नोटीस दिली की पेढी विसर्जित. सीझनच्या तोंडावर, डिसेंबरात अशी नोटीस आली तर काय होईल ते तुम्हीच बघा. डीडमध्ये किमान तीन महिन्यांची नोटीस आणि ‘ऑक्टोबर ते एप्रिल निवृत्ती नाही’ असं कलम घाला. दुसरं, दोघांतला एक गेला किंवा वारला की पेढी उरत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. मागे राहिलेल्याला नवीन पॅन, नवीन जीएसटी आणि बँकेचे सगळे कागद परत. म्हणून निवृत्तीच्या आधी बायकोला किंवा भावाला भागीदार करून घेतात. तिसरं, निवृत्त झालेला आपोआप सुटत नाही. सार्वजनिक नोटीस निघेपर्यंत पुढच्या देण्यालाही तो बांधील राहू शकतो. नोंदणीकृत पेढीसाठी ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. जीएसटी कार्यालयाला महिन्याभरात कळवलं नाही तर कळवेपर्यंतचा थकलेला करही अंगावर. आणि बँकेची हमी बँकेने लेखी सोडल्याशिवाय सुटत नाही, तुमच्या रिटायरमेंट डीडवर काहीही लिहिलेलं असो.

हिशोब न मिटवता उरलेला भागीदार धंदा चालवत राहिला, तर गेलेल्याला त्याच्या पैशावरचा नफा किंवा 6 टक्के व्याज यातलं एक मागता येतं. बँकेच्या व्याजापुढे 6 टक्के म्हणजे काहीच नाही, त्यामुळे थांबवून ठेवणाऱ्याचंच फावतं. डीडमध्ये हप्ते, तारखा आणि तुमचा स्वतःचा व्याजदर लिहा.

पेढी केलीत तर नोंदणी कराच. भागीदारी कायद्याच्या कलम 69 मुळे बिननोंदणी पेढीला ग्राहकावर करारातल्या पैशांचा दावा लावता येत नाही. तुमचे पैसे वीस-पंचवीस बागायतदारांकडे विखुरलेले असणार. नंतर नोंदणी करून दावा लावता येतो, पण तीन वर्षांची मुदत तोवर चालूच असते.

कंपनीत उलटं आहे: कंपनी टिकते, माणूस अडकतो. डायरेक्टरपदाचा राजीनामा देणं सोपं, पण त्याने पैसे परत मिळत नाहीत, शेअर्स तुमच्याकडेच राहतात. ते घेणार कोण? बाहेरचा माणूस पन्नास टक्के घेऊन तुमच्या मित्राशी भांडायला येणार नाही. कंपनीने स्वतः परत घ्यायचे तर मर्यादा आहे, एका वर्षात भांडवल आणि मुक्त राखीव निधीच्या 25 टक्क्यांपर्यंतच. शेवटी मित्रानेच, स्वतःच्या कर भरलेल्या पैशातून घ्यायचे. शिवाय किमान दोन भागधारक आणि दोन डायरेक्टर लागतात, तेव्हा इथेही बायको-भाऊ आलेच.

पन्नास-पन्नासमध्ये भांडण झालं तर कुठलाच ठराव पास होत नाही, डायरेक्टर काढताही येत नाही, आणि मग मुंबईला कंपनी लवादाकडे हेलपाटे. म्हणून पहिल्या दिवशीच तीन गोष्टी ठरवा: शेअर्स आधी दुसऱ्या मित्राला विचारायचे, किंमत कुणी काढायची, आणि कोंडी झाली तर काय. कोंडीसाठी मला आवडणारी पद्धत अशी: एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने त्या भावाला घ्यायचं की द्यायचं ते ठरवायचं. भाव सांगणारा आपसूक सरळ राहतो. अर्थात तुमच्यात एकाकडे फ्लॅट आहे, दुसऱ्याकडे नाही, म्हणजे घेण्याची ऐपत सारखी नाही. मित्राला पैसे उभे करायला निदान चार महिने आणि हप्ते द्या, नाहीतर ही पद्धत त्याच्यावर अन्याय करते. हे सगळं नुसत्या करारात नको, कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये हवं. शेअर्स विकण्यावरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रंगराज प्रकरणात म्हटलंय.

सीएंना एलएलपीबद्दलही, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीबद्दलही विचारा. जबाबदारी मर्यादित, उलाढाल 40 लाखांच्या आणि भांडवल 25 लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिट सक्तीचं नाही, आणि बाहेर पडण्याचे नियम बहुतेक करारावर. गुंतवणूकदार आणायचा विचार नसेल तर तुमच्यासारख्यांना ती बरीच जमते. फॉर्मच्या उशिराची खोड तिलाही आहे.

आज पेढी करून दोन-तीन सीझननंतर कंपनीत रूपांतर करता येतं. आयकरात भांडवली नफ्याची सूट मिळते, पण भागीदारांना मोबदला फक्त शेअर्समध्येच मिळाला पाहिजे आणि एकूण मतदानाचे किमान 50 टक्के शेअर्स पाच वर्षं त्यांच्याकडेच राहिले पाहिजेत. रूपांतराआधीची देणी मात्र तुमची वैयक्तिकच राहतात, त्यामुळे हे करायचं तर कागदवाल्याचं खातं शून्यावर आल्यावर, जून-जुलैत करा.