रोख नावे, विक्री जमा: तेरीज जुळली तरी नोंद का चुकली?

प्रश्न: आमचं गावात कृषी केंद्र आहे. जूनमध्ये एका कास्तकाराला 18,400 रुपयांचं बियाणं आणि खत उधारीवर दिलं, तेव्हाच बिलही केलं. नोव्हेंबरात कापसाचा चुकारा मिळाल्यावर त्याने 12,000 रोख आणून दिले. मी रोख नावे, विक्री जमा अशी नोंद केली. दोन्ही बाजू सारख्या, तेरीजही जुळली. मोठा भाऊ म्हणतो नोंद चूक आहे. काय चुकलं, आणि पुढे तपासू कसं?

उत्तर: भाऊंचं बरोबर आहे. तुमची नावेची बाजू ठीक आहे, चूक जमेच्या बाजूला आहे. तेरीज फक्त दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आहे का एवढंच सांगते. रक्कम कुठल्या खात्यावर पडली हे तिला कळत नाही, त्यामुळे अशी चूक तिच्यातून सहज निसटते.

जूनपासून पाहू. समजायला सोपं जावं म्हणून जीएसटी बाजूला ठेवतो. माल दुकानातून गेला त्याच दिवशी विक्री झाली, म्हणजे तेव्हाची नोंद अशी:

कास्तकाराचं खाते नावे 18,400
विक्री खाते जमा 18,400

विक्री इथेच संपली. नोव्हेंबरात दुकानातून एक पोतंही बाहेर गेलं नाही. गल्ल्यात पैसे आले आणि त्याच्याकडचं आपलं येणं तेवढ्याने कमी झालं. म्हणून:

रोख खाते नावे 12,000
कास्तकाराचं खाते जमा 12,000

तुमच्या नोंदीमुळे विक्री 18,400 ऐवजी 30,400 दिसते आणि नफाही 12,000 ने फुगतो. त्याच वेळी कास्तकाराच्या नावावर पूर्ण 18,400 येणं राहतं, खरं तर राहिलेत 6,400. मार्चमध्ये तुम्ही उधारीची यादी घेऊन त्याच्या दारात गेलात तर तो पैसे दिल्याची आठवण करून देईल आणि वही त्याला खोटं पाडेल. मला या चुकीतली सर्वांत वाईट गोष्ट हीच वाटते. गावात पुढच्या मृगाची उधारी याच विश्वासावर चालते.

आता तपासायचं कसं? गल्ला मोजून ही चूक सापडणार नाही, कारण रोख बरोबरच आहे. नोंद लिहिण्याआधी स्वतःला विचारा: आज माल गेला का? गेला नसेल तर विक्री खात्याला हात लावायचा नाही. मग विचारा: हे पैसे कशापोटी आले? उत्तर ‘जुन्या उधारीपोटी’ असेल तर जमेला त्या माणसाचं खाते येणार. नोंद झाल्यावर खतावणीतलं त्याचं खाते उघडा आणि खालची बाकी त्याला मोठ्याने वाचून दाखवा. ‘6,400 राहिले’ असं दोघांच्या तोंडून एकच आलं, तर नोंद योग्य खात्यावर पडली. तो समोर असतानाच हे केलं तर दोन मिनिटांत होतं, मार्चमध्ये तेच शोधायला दिवस जातात.

पैसे यूपीआयने आले असतील तर रोखऐवजी बँक खाते नावे करायचं. इथे पासबुक पाहून पुष्कळ जण गोंधळतात. पासबुकात ती रक्कम जमेला दिसते, कारण ते बँकेचं पुस्तक आहे आणि बँक तुमचं देणं लागते. तुमच्या वहीत बँक ही तुमची मालमत्ता, म्हणून पैसे आले की ती नावे. पासबुक पाहून बाजू फिरवू नका.

चूक दुरुस्त करायला जुनी ओळ खोडू नका. एक नोंद पुरते: विक्री नावे 12,000, कास्तकार जमा 12,000, आणि खाली कारण लिहा, ‘अमुक तारखेची उधारी वसुली विक्रीत जमा झाली होती, ती दुरुस्त केली’. रोख खाते यात येत नाही, कारण ते चुकलेलंच नव्हतं. टॅलीत ही नोंद जर्नलमध्ये, F7 दाबून होते, आणि पुढच्या वसुल्या F6 च्या रिसीटमध्ये टाका. मात्र तुम्ही तेव्हा विक्रीचं व्हाउचर करून बिलच पुन्हा काढलं असेल तर साठाही कमी झालेला आणि करही दोनदा लागलेला असेल. तसं असेल तर ही एक नोंद पुरणार नाही. विवरणपत्र भरलं असेल तर आधी तुमच्या कर सल्लागाराला दाखवा, मगच हात लावा.

राहिलेल्या 6,400 पैकी तुम्ही 400 सोडून दिले तर पुन्हा याच जागी घसरायला होतं. रोख 6,000 नावे, दिलेली सूट 400 नावे आणि कास्तकार 6,400 जमा. फक्त 6,000 जमा केलेत तर माफ केलेले 400 त्याच्या नावावर वर्षानुवर्षे लटकत राहतील.

आणि खात्याच्या नावात वडिलांचं नाव व गाव नक्की लिहा. एका गावात एकाच नावाचे दोघे असतात. एकाची वसुली दुसऱ्याच्या खात्यात गेली तरी तेरीज आधीसारखीच जुळलेली दिसेल.